तीन मिनिटं म्हणजे किती शब्द?

गेल्या वर्षी मे महिन्यात भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. शिक्षकांच्या एका स्पर्धेसाठी त्या छोटी माहितीफीत करत होत्या. विषय ‘पाऊस कसा मोजतात’, लांबी तीन मिनिटं. फीत त्याहून एक सेकंदही जास्त झाली तर बाद, अशी अट. बाईंनी कुठेतरी वाचलं होतं की माणूस मिनिटाला दीडशे शब्द बोलतो. त्यांनी साधा गुणाकार केला आणि साडेचारशे शब्द लिहिले. मग आवाज ध्वनिमुद्रित केला, तो भरला चार मिनिटं दहा सेकंद.

“सर, मी तर मोजून लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी फार सावकाश वाचते का?”

त्या सावकाश वाचत नव्हत्या. मी त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकलं. आवाज ठाम होता, वाक्यं नीट तोडलेली होती, गती ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन चालणारी होती. गुणाकारही बरोबर होता. चुकला होता तो दर. मिनिटाला दीडशे शब्द हा इंग्रजी निवेदनाचा सर्वसाधारण दर आहे. तो मराठीला लावला की संहिता हमखास लांबते, कारण मराठीचा एक शब्द आणि इंग्रजीचा एक शब्द ही दोन निरनिराळी मापं आहेत.

एक उदाहरण घेऊ. आपण ‘घरासमोर’ म्हणतो, तिथे इंग्रजी माणूस ‘इन फ्रंट ऑफ द हाऊस’ म्हणतो. आपला शब्द एक, त्याचे पाच. तोंडाला लागणारा वेळ मात्र जवळजवळ सारखाच. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, म्हणून आपले शब्द संख्येनं कमी आणि लांबीनं मोठे असतात. हिंदीत हीच गोष्ट ‘घर के सामने’ अशी तीन सुटे शब्द करून लिहितात. त्यामुळे हिंदी संहितेसाठी कुणी सांगितलेला दरही मराठीत उपयोगाचा नाही. शब्दांची संख्या बोलण्यावर जितकी अवलंबून असते तितकीच लिहिण्याच्या रीतीवर, आणि संगणक तर दोन रिकाम्या जागांमध्ये जे सापडेल त्याला एक शब्द मानून पुढे जातो.

फ्रान्समधल्या लिआँ इथल्या भाषाशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १७ भाषांच्या वाचनाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. जपानी माणूस सेकंदाला पुष्कळ अक्षरं उच्चारतो, थाई माणूस त्या मानानं कमी. पण एका अक्षरात किती माहिती मावते हे धरून हिशेब केला, तर माहिती पोचवण्याचा वेग सगळ्या भाषांत साधारण सारखाच, सेकंदाला ३९ बिटच्या आसपास निघाला. भरभर बोलली जाणारी भाषा त्यामुळे लवकर सांगून मोकळी होते असं नाही. त्या १७ भाषांत मराठी नव्हती, भारतातली एकही भाषा नव्हती. त्यामुळे तयार दर उचलायला तिथेही जाता येत नाही. आपला दर आपणच काढायचा. ते काम दहा मिनिटांचं आहे.

बाईंना मी सांगितलं, त्यांनी याआधी लिहिलेला, याच धाटणीचा मजकूर घ्यायचा आणि तो ध्वनिमुद्रण करताना वाचतो तसाच मोठ्यानं वाचायचा. मनातल्या मनात वाचून चालत नाही. मनात वाचताना आपण श्वास घेत नाही, जोडाक्षराला अडखळत नाही, पूर्णविरामाला थांबत नाही. मनात दोन मिनिटांत संपलेला मजकूर तोंडानं अडीच मिनिटांवर जातो, हे मी कित्येकदा पाहिलं आहे. नमुना एका मिनिटाचा घेऊ नये. पहिली काही वाक्यं सगळेच उत्साहात जरा भरभर म्हणतात, खरी चाल नंतर लागते. म्हणून दोन मिनिटांचं घड्याळ लावायचं, वेळ संपेल तिथे मजकुरावर खूण करायची आणि शब्द मोजायचे. असं तीनदा करायचं, पहिलं वाचन सोडून द्यायचं आणि उरलेल्या दोन्हींची सरासरी घ्यायची.

बाईंची सरासरी निघाली दोन मिनिटांत २१६ शब्द, म्हणजे मिनिटाला १०८. साठानं भागलं की सेकंदाला १.८. पुढच्या सगळ्या कामाला हा एकच आकडा लागतो. आता त्यांचा पहिला खर्डा तपासा. ४५० शब्दांना १०८ नं भागलं की चार मिनिटं दहा सेकंद येतात, म्हणजे घड्याळानं दाखवले तेवढेच.

हा दर बाईंचा आहे, मराठीचा नाही. मी ज्यांच्यासाठी संहिता लिहिल्या त्या निवेदकांत कुणी मिनिटाला ९५ वर सुखानं बोलतो, कुणी १२० वर. म्हणून संहिता लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा असेल तर नमुना वाचणाऱ्याचा घ्यावा. ही साधी गोष्ट फार वेळा राहून जाते. लेखक आपल्या गतीनं मोजतो, निवेदक आपल्या गतीनं वाचतो आणि फरक कळतो तो ध्वनिमुद्रण झाल्यावर.

दर हाती आला, तरी त्याला लगेच तीननं गुणायचं नाही. तीन मिनिटांची फीत म्हणजे तीन मिनिटांचं बोलणं नव्हे. बाईंना सुरुवातीला शीर्षकाची पाटी हवी होती, तिला चार सेकंद. शेवटी नामावलीला सहा. मधे त्यांनी एक सुंदर दृश्य योजलं होतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा सपाट हौद करायचा आणि त्यात एक लिटर पाणी ओतायचं. पाणी पसरतं आणि बरोबर एक मिलिमीटर उंचीचा थर होतो. ‘एक मिलिमीटर पाऊस झाला’ याचा अर्थ हाच, की दर चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी पडलं. हे पाहताना माणसानं बोलू नये. तिथे आठ सेकंद शांतता ठेवायचं आम्ही ठरवलं. अशी अठरा सेकंदं बाजूला काढली. १८० मधून १८ गेले, उरले १६२. त्यांना १.८ नं गुणलं की २९१ शब्द. बाईंनी साडेचारशेवरून २९१ वर येण्यासाठी संहिता पुन्हा लिहिली. कापत बसल्या नाहीत, नव्यानं लिहिली, आणि ते योग्यच केलं. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मजकूर शब्द खुडून कमी करायला गेलं की वाक्यांची हाडं दिसायला लागतात.

नवा खर्डा संगणकानं मोजला, बरोबर २९१. बाईंनी तो वाचला आणि पुन्हा फोन केला. आवाज १६२ सेकंदांऐवजी १७८ सेकंद भरला होता. एकूण फीत तीन मिनिटं सोळा सेकंद.

या वेळी दर बरोबर होता, शब्द मोजण्यात गोम होती. संहितेत हा परिच्छेद होता: ‘चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस झाला तर त्याला मुसळधार म्हणतात. ११५.६ ते २०४.४ मिमी झाला तर अतिमुसळधार. २०४.५ मिमी किंवा त्याहून अधिक झाला तर तो अत्यंत मुसळधार.’ भारतीय हवामान विभागाची ही वर्गवारी आहे आणि आकडे अचूक आहेत. संगणकाच्या हिशेबानं यात २९ शब्द आहेत. आता तो परिच्छेद मोठ्यानं वाचून पाहा. ‘६४.५’ हा संगणकाला एक शब्द, तोंडाला ‘चौसष्ट पूर्णांक पाच’ असे तीन. ‘११५.६’ म्हणजे ‘एकशे पंधरा पूर्णांक सहा’, चार शब्द. सगळं अक्षरांत लिहून मोजलं तर २९ चे ४३ झाले. पुढे २६ जुलै २००५ चा उल्लेख होता, त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथे ‘२००५’ चे ‘दोन हजार पाच’ झाले, ‘९४४’ चे ‘नऊशे चव्वेचाळीस’. तेही धरले, तर संगणकाचे २९१ शब्द तोंडाचे ३०८ होते.

३०८ शब्दांना १.८ च्या दरानं १७१ सेकंद लागायला हवेत. घड्याळानं १७८ दाखवले. उरलेले सात सेकंद आकडे नुसते उच्चारण्यात गेले नव्हते, ते पोचवण्यात गेले होते. ‘पूर्णांक’ असलेला आकडा कुणीही बाकीच्या वाक्याच्या गतीनं वाचत नाही. तो एकेक पायरी उतरल्यासारखा वाचावा लागतो आणि संपल्यावर क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर तो ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही. बाई तसंच वाचत होत्या आणि तसंच वाचायला हवं होतं.

म्हणून माझा आग्रह असतो की शब्द मोजण्याआधी संहितेतला प्रत्येक आकडा, तारीख, टक्क्याची खूण, ‘कि.मी.’, ‘रु.’ हे सगळं जसं तोंडानं म्हणणार तसं अक्षरांत लिहून काढावं. याचा आणखी एक फायदा होतो. आकडा कसा म्हणायचा हा निर्णय लिहितानाच होतो. ६४.५ ला ‘चौसष्ट पूर्णांक पाच’ म्हणायचं की ‘साडेचौसष्ट’? मराठीत साडे, सव्वा, पावणे, दीड, अडीच असे सोन्यासारखे शब्द आहेत आणि कानाला ते चटकन कळतात. पडद्यावर ६४.५ दिसू द्यावं, तोंडानं साडेचौसष्ट म्हणावं.

आता सोळा सेकंद कमी करायचे होते. सोळा गुणिले १.८ म्हणजे साधारण २९ शब्द. बाईंची पहिली सूचना होती, “जरा भरभर वाचते ना मी.” मी नको म्हटलं. १७८ सेकंदांचं वाचन १६२ मध्ये बसवायचं तर वेग दहा टक्क्यांनी वाढवावा लागतो. त्या वेगात बाईंच्या वाक्यांमधल्या जागा सगळ्यात आधी नाहीशा झाल्या असत्या, आणि शिकवणारा माणूस समजावतो तो त्या जागांमध्येच. संकलन करताना यंत्रानं आवाजाची गती वाढवता येते, पट्टीही बदलत नाही. पण दोन-तीन टक्क्यांपर्यंत ते लपतं, पाचच्या पुढे गेलं की कानाला घाई जाणवते. १७८ सेकंदांचे तीन टक्के म्हणजे जेमतेम पाच सेकंद. शेवटचे एक-दोन सेकंद मिळवायला हा उपाय ठीक आहे, सोळा सेकंदांना नाही.

दुसरी सूचना बाईंच्या यजमानांची. ‘खूपच’, ‘अगदी’, ‘म्हणजेच’ असे शब्द शोधून काढायचे. त्यांनी असे अकरा शब्द काढले. पुन्हा वाचलं तर वेळ फक्त तीन सेकंदांनी कमी झाला, दरानं सहा व्हायला हवा होता. असे शब्द आपण बोलताना मुळातच गिळतो, त्यांच्यावर वेळ खर्च होत नाही. शिवाय ‘म्हणजेच’ गेल्यानं एका ठिकाणी दोन वाक्यांचा सांधा निखळला. अकराही शब्द परत जागेवर ठेवले.

वेळ खरोखर वाचतो तो एक अख्खी गोष्ट काढली तर. इथे कोणती काढायची ते उघड होतं. मुसळधारच्या तीन पायऱ्या, पाच दशांश आकडे, हे कानाचं काम नाही, डोळ्यांचं आहे. तक्ता पडद्यावर दिसला की बघणारा तो एका नजरेत वाचतो. तो परिच्छेद असा झाला: ‘चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, की हवामान विभाग त्याला मुसळधार म्हणतो. त्यापुढच्या पायऱ्या पडद्यावर पाहा.’ मोजून बघा, अठरा शब्द. बोललेल्या ४३ शब्दांचे १८ झाले, पंचवीस वाचले. दरानं पाहिलं तर यात चौदा सेकंद सुटायला हवे होते. घड्याळानं अठरा सुटले, कारण सावकाश म्हणावे लागणारे आकडेच गेले होते. आवाज १६० सेकंदांवर आला. हाती राहिलेले दोन सेकंद आम्ही ‘नऊशे चव्वेचाळीस मिलिमीटर’ या शब्दांनंतर रिकामे ठेवले. २००५ ची ती दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथे थांबावंसं वाटणारच.

सेकंदाला १.८ शब्द हा दर वापरताना एक अट पाळावी लागते. नमुन्याचा मजकूर आणि प्रत्यक्ष संहिता एकाच वळणाच्या हव्यात. साध्या, बोलल्यासारख्या मराठीत माझ्या मोजणीप्रमाणे एका शब्दाला सरासरी तीनएक अक्षरं पडतात. पण सरकारी परिपत्रकाची भाषा घ्या. ‘अंमलबजावणीच्या दृष्टिकोनातून’ हे शब्द दोनच आहेत आणि अक्षरं चौदा. ‘तो आला, पाणी प्याला’ हे शब्द चार आणि अक्षरं सात. शब्दांच्या हिशेबानं दुसऱ्या वाक्याला दुप्पट वेळ लागायला हवा, प्रत्यक्षात पहिल्या तुकड्याला लागतो. म्हणून विषय कायद्याचा, वैद्यकाचा किंवा शासकीय योजनेचा असेल तर शब्द सोडून अक्षरं मोजावीत. बाईंचा दर अक्षरांत सेकंदाला साधारण ५.४ येतो. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं. बोलताना आपण ‘मोजताना’मधला ‘ज’ अर्धा करतो आणि चार अक्षरं तीन झटक्यांत म्हणतो, पण त्याची चिंता नको. नमुना आणि संहिता दोन्हीकडे लिहिलेलीच अक्षरं मोजली की ती चूक दोन्हीकडे सारखी होते आणि फिटून जाते.

दुसरी अट वाक्यांच्या लांबीची. प्रत्येक पूर्णविराम साधारण अर्धा सेकंद घेतो, परिच्छेद बदलला की सेकंदभर. तीनशे शब्दांची वीस वाक्यं केली तर विरामांत दहा सेकंद जातात, चाळीस केली तर वीस. लहान वाक्यं कानाला सोपी जातात, म्हणून ती लिहावीतच, फक्त त्यांची किंमत हिशेबात धरावी. नमुना लांब वाक्यांचा आणि संहिता तुटक वाक्यांची असेल तर दहा सेकंदांचा फरक इथूनच येतो, आणि शब्द कितीही वेळा मोजले तरी तो सापडत नाही.

चित्रण आधी झालेलं असेल तर हाच हिशेब उलटा करायचा. हौदात पाणी पसरून झाल्यावर बाईंकडे पर्जन्यमापकाचं सात सेकंदांचं दृश्य होतं. दृश्य सुरू झाल्याबरोबर आवाज आदळू नये आणि संपण्याआधी तो थांबावा, म्हणून दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेकंद सोडला. सहा सेकंद उरले, त्यात दहा शब्द बसतात. बाईंचं वाक्य होतं, ‘रोज सकाळी साडेआठ वाजता या नळीत साठलेल्या पाण्याची उंची मोजतात.’ शब्द दहा. संहितेच्या कागदावर डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन आणि कडेला सेकंद लिहिण्याची जी पद्धत आहे, ती यासाठीच आहे. प्रत्येक तुकड्याचा वेळ कडेला लिहिलेला असला की फीत लांबल्यावर ती कुठे लांबली ते लगेच दिसतं.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक संहितेत करतो. एक वाक्य आधीच कंसात टाकून ठेवतो. ते असलं तर मजकूर अधिक गोड होतो आणि नसलं तर कुठे भोक पडत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी निवेदकाचा घसा बसलेला असू शकतो, दुपारच्या जेवणानंतर गती मंदावते, नव्या माणसाची भीतीनं वाढते. त्या दिवशी घड्याळ चार सेकंद पुढे पळालं तर कंसातलं वाक्य सोडून द्यायचं. ऐन वेळी माईकपुढे बसून काय कापू याचा विचार करायला लागलं, की बहुधा चुकीचं वाक्य कापलं जातं. बाईंच्या संहितेत कंसातलं वाक्य शेतकरी आपल्या अंगणात सरळ कडांचा डबा ठेवून पाऊस कसा मोजू शकतो याबद्दल होतं. ते त्यांना फार प्रिय होतं आणि सुदैवानं राहिलं.

तुम्ही शाळेसाठी, संस्थेसाठी किंवा गावातल्या प्रदर्शनासाठी अशी फीत करणार असाल, तर लिहायला बसण्याआधी आपला किंवा आपल्या निवेदकाचा दर काढा आणि तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. दुसऱ्या कुणाचा दर उसना घेऊ नका, माझ्या बाईंचा १०८ सुद्धा नको. त्यांची फीत शेवटी दोन मिनिटं एकोणसाठ सेकंदांची झाली. एक सेकंद त्यांनी मुद्दाम मोकळा सोडला होता.